वेलांटी कुठली?

आमचे मोठे काका मराठीचे निवृत्त शिक्षक. लग्नपत्रिका हातात आली की मुहूर्ताआधी वेलांट्या बघणार. लेकीकडे लंडनला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी इंग्रजी उच्चारांचा अभ्यास काढला आणि पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला, "शिपला पहिली, शीपला दुसरी. संपलं!"

कुठलं संपायला? वेलांटी आपण कागदावर बघतो. मराठी बोलताना इ आणि ई यांत जीभ फारशी जागा बदलत नाही. इंग्रजीत शीप म्हणताना जीभ टाळूकडे चढते, ओठ ताणले जातात. शिप म्हणताना ती जरा खाली, जरा मागे सैल पडते आणि आवाज किंचित 'ए'कडे झुकतो. म्हणून शीप कितीही तोडून म्हटलं तरी मेंढीच राहते आणि शिप कितीही ताणलं तरी जहाजच. डॅनियल जोन्सच्या १९१७ च्या उच्चारकोशात दोघांना अक्षर एकच होतं, मेंढीला फक्त लांबीचे दोन ठिपके जास्त. जहाजाला वेगळं चिन्ह त्याच कोशाच्या १९७७ च्या आवृत्तीत संपादक गिम्सनने दिलं. काका अर्थातच जोन्सच्या पार्टीचे.

मी फोन पालथा धरला आणि शब्दकोशातले उच्चार वाजवायला लागलो. तिनांतला वेगळा कितवा, ते बोटाने दाखवायचं. शिप, शिप, शीप. काकांची तीन बोटं लगेच वर. "पुढे?"

पुढे बीट, म्हणजे मारणे, आणि बिड, म्हणजे बोली लावणे.

"पहिल्याला पहिली, दुसऱ्याला दुसरी."

नेमकं उलटं! शेवटी ट आला की इंग्रज आधीचा स्वर आखडतो, ड आला की सैल सोडतो. त्यामुळे बीटमधली ई आणि बिडमधली इ लांबीला जवळपास सारख्याच भरतात. काकांचा कान फूटपट्टी लावून बसला होता.

"इंग्रजांचं शुद्धलेखनच कच्चं," काका म्हणाले. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, त्यांना कळवा तसं."

मग आम्ही आवाज बदलत गेलो: बाई, पुरुष, ब्रिटिश, अमेरिकन. एकाच आवाजावर कान त्या माणसाला ओळखायला शिकतो, स्वराला नाही. उत्तर चुकलं की तिथल्या तिथे सांगायचं आणि तीच जोडी पुन्हा ऐकवायची. शेवटी आख्खं वाक्य, तेही संदर्भाने अंदाज बांधता येणार नाही असं: 'ही वाँट्स टू लिव्ह हिअर' की 'लीव्ह हिअर'? जावईबापू राहणार की निघणार, हे त्या एका स्वरावर. इथे काकूही हातातलं टाकून ऐकायला आल्या आणि काकांच्या आधी बरोबर सांगू लागल्या. त्यांना वेलांट्यांचे नियम कधीच पाठ नव्हते.

तुम्ही सराव करणार असाल तर शिप-शीपवर थांबू नका. बीट आणि बिड मिसळून ऐका. नुसत्या शिप-शीपवर फूटपट्टीवाला कानही पास होतो.