न घातलेल्या पाण्याबद्दल आभार

काकू, शेजाऱ्यांनी महिनाभर घर सांभाळलं की झाडांना घातलेल्या पाण्याबद्दल आभार मानायची रीत आहे. मी मानतोय ते न घातलेल्या पाण्याबद्दल. महाडात ऐन जुलैमध्ये जो माणूस झाडांना नेमाने तांब्याभर पाणी घालतो, तो मनाने कितीही प्रेमळ असो, झाडांच्या लेखी तो सावित्री नदीचा चुलतभाऊच. या दिवसांत हवाच इतकी ओली असते की कुंडीतलं पाणी उडत नाही. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही म्हणून पानं माना टाकतात. म्हणजे बुडणारं झाड हुबेहूब तहानलेल्यासारखं दिसतं; मग कनवाळू माणूस आणखी एक तांब्या ओततो. इतका सभ्य खून दुसरा नसेल! तुम्ही मात्र मातीत दोन पेरं बोट खुपसून पाहायचात आणि बोटाला गार चिखल लागला की तांब्या तसाच परत न्यायचात. आमची कोरफड त्यामुळेच हयात आहे.

यावर कुणी म्हणेल, मग काकूंनी केलं काय, सगळं पावसानेच तर केलं! असं म्हणणाऱ्याने पडवीतली तुळस पाहिलेली नसते. बाहेर धो धो कोसळत असताना पत्र्याखालच्या कुंडीत थेंब पडत नाही. माती काठापासून सुटते, कुंडी उचलली तर हलकी लागते. कोकणात पावसाळ्यात झाड तहानेने मरू शकतं, हे पटायलाच निम्मा पावसाळा जातो. शिवाय कुंड्यांखालच्या ताटल्या. डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत उडायला लागतो, आणि त्याची अंडी ताटलीच्या कडेला चिकटून कोरडीही तग धरतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा घासावी लागते. दुसऱ्याच्या घरची ताटली घासणं हा परोपकार कुठल्याही पोथीत सापडायचा नाही.

दुसरा आक्षेप शहरी भाच्यांचा: हल्ली आपोआप ठिबकणाऱ्या बाटल्या मिळतात, शेजाऱ्यांना त्रास कशाला? पोलादपूरच्या चढावरच्या घरात चालेलही बाटली. पण महाडात सावित्रीची इशारा पातळी ६ मीटर आणि धोक्याची साडेसहा. मधल्या त्या अर्ध्या मीटरच्या अवधीत तांदळाचा डबा, गॅस सिलिंडर आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातली कागदपत्रं माळ्यावर जावी लागतात. २२ जुलै २०२१ ला पाणी कुठवर चढलं होतं, ते इथल्या भिंतींनाही पाठ आहे. बाटली ठिबकत राहील, डबा उचलणार नाही. तुमच्याकडे आमची किल्ली होती ती खरं म्हणजे यासाठी. झाडं हे निमित्त.

गणपतीत तुम्ही पोलादपूरला माहेरी जाल, तेव्हा तुमची किल्ली आमच्याकडे द्या. पाणी न घालण्याची संपूर्ण हमी.