लाइकलाही जामीन

टीकाकार आणि टवाळखोर यांतला फरक कसा करू नये, हे पालघरने नोव्हेंबर 2012 मध्ये साऱ्या देशाला दाखवले. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. हा बंद आदराचा नाही, भीतीचा आहे, असे पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिले. मैत्रिणीने ते लाइक केले. दोघींना अटक झाली, मग जामीन. शिवाय जमावाने पोस्ट लिहिणाऱ्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली. भीतीचा मुद्दा असा पुराव्यानिशी खोडून काढला!

त्या पोस्टमध्ये शिवी नव्हती, धमकी नव्हती. रोख बंदवर होता. ‘दुकाने आम्ही मनापासून बंद ठेवली,’ एवढे एका ओळीचे उत्तर पुरले असते. ज्याच्या म्हणण्यात उत्तर देण्याजोगा मुद्दा असतो, तो टीकाकार. टवाळखोराला उत्तर द्या, तो लगेच विषय बदलतो. त्याला मुद्दा नको, तुमची संध्याकाळ हवी असते. त्याला अनुल्लेखाने मारावे. मात्र कुणी घराचा पत्ता टाकून ‘चला, धडा शिकवू’ म्हणू लागला, तर आधी स्क्रीनशॉट घ्यावा, मग ती टिप्पणी लपवावी आणि तक्रार करावी.

सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी या मुलींवर लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ रद्द करताना हीच चाळणी लावली: चर्चा वेगळी, मताचा पुरस्कार वेगळा, चिथावणी वेगळी, नुसता कुणाला त्रास झाला, हा गुन्हा नव्हे. पालघरात तिसऱ्या खान्यातली मंडळी दवाखान्यात काचा फोडत होती. कायदा तेव्हा लाइक तपासत होता.