वीसपैकी वीस

मस्कतला दुकानाचे हिशेब लिहिताना शिकलेली अरबी एच. डी. कोट्यात कुणाला कळू देऊ नये, एवढी अक्कल मला नव्हती. शेजारच्या चाचांना ती कळली. "तुमकू अरबी आती ना?" म्हणत त्यांनी फोन पुढे केला. त्यांची नात मस्कतला शिकायला चालली होती. तिथल्या शाळेला इथली एक प्रश्नपत्रिका अरबीत बघायची होती. पाच प्रश्न, वीस मार्क. मी म्हटलं, चहा होईपर्यंत करतो.

फोटोत घडीची रेघ मधोमध होती आणि मार्कांचा रकाना उजव्या कडेला तिरका गेला होता. फोटोतली अक्षरं उतरवणाऱ्या ॲपने आधी सगळे प्रश्न दिले आणि शेवटी मार्कांचा ढीग: २, ३, ३, ५, ७. मी वरून खाली वाटत गेलो. तिसऱ्या प्रश्नाखाली 'किंवा' होतं. त्या पर्यायी प्रश्नाला वेगळे मार्क नसतात. मी उदारपणे ५ दिले. पुढचे सगळे एकेक पायरी घसरले. चौथ्याला ७ गेले आणि पाचवा, आकृतीसकट, फुकटात आला. बेरीज केली: वीस. बरोब्बर! मार्क चुकीच्या दारात गेले तरी बेरजेला काय फरक पडणार, हे हिशेबनीसाला सुचलं नाही.

वर पर्यायांना अलिफ, बा, ता, सा लावले. मुळाक्षरं त्याच क्रमाने पाठ केली होती ना! अरबी प्रश्नपत्रिकेत मात्र अलिफ, बा, जीम, दाल असा जुना अब्जद क्रम चालतो. टाइप करताना दोन्ही क्रम यादीत एकाखाली एक दिसतात. मी वरचा निवडला.

खरा पराक्रम तक्त्यात झाला. मजकूर उजवीकडे ढकलला की अरबी झालं, अशी माझी समजूत. पण तक्त्याची दिशा वेगळी बदलावी लागते. ती राहिली, म्हणून प्रश्नांचे क्रमांक डावीकडेच आणि मार्क उजवीकडे. अरबी वाचणारा उजवीकडून सुरू करतो. तिकडून चाचांच्या मुलाचा फोन आला: "भाईसाब, सर पूछ रहे, एक नंबर का सवाल किधर है? और तीन नंबर के दो कैसे?"

चहा कधीच थंड झाला होता. रात्री नव्याने बसलो. फोटो मोठा करून प्रत्येक मार्काशेजारी पेन्सिलने त्याचा प्रश्न लिहिला, 'किंवा'पुढे मोठा भोपळा काढला, तक्ता उलटा फिरवला, आणि शेवटी एकेका ओळीवर बोट ठेवून नातीला मूळ कागद वाचायला लावला. तिने पहिल्याच ओळीला थांबवलं. पहिल्या प्रश्नाची सूचना होती 'कोणतेही चार सोडवा', आणि मी लिहिलं होतं 'चारही सोडवा'.