शाही थाळी खातं कोण?

धामणगाव रेल्वेत केटररच्या दुकानात शिरलात की आधी पाणी मिळतं आणि मग एक चकचकीत कागद. साधी थाळी 180 रुपये, स्पेशल 260, शाही 550. गेल्या हंगामात भाचीच्या लग्नासाठी मी भाऊजींसोबत तो कागद घेऊन बसलो होतो. पाच मिनिटांत भाऊजी म्हणाले, "स्पेशल करून टाकू. रेट वाजवी हाय."

वाजवी? कशाच्या मानानं?

पनीरच्या बाजारभावाच्या मानानं नाही, आणि भाऊजींच्या खिशाच्या मानानं तर नाहीच. दुकानात शिरताना त्यांच्या डोक्यात 200 रुपयांचा आकडा होता. 260 वाजवी वाटले ते खालच्या ओळीतल्या 550 मुळे.

मग मी एक साधा प्रश्न विचारला. ही शाही थाळी शेवटची कोणत्या लग्नात वाढली? दुकानदार जरा थांबला, मग म्हणाला, "तशी ऑर्डर कमीच असते." किती कमी? त्या वर्षी एकही नव्हती.

म्हणजे त्या कागदावरची सगळ्यात मोठी ओळ कोणी खात नाही. मग ती छापली कशाला?

ती विकायची नसतेच. तिच्याकडे पाहून आपण मधली उचलावी, एवढंच तिचं काम. 1992 साली इटामार सायमनसन आणि अमोस ट्वर्स्की या दोन संशोधकांनी हे कॅमेऱ्यांवर करून पाहिलं. लोकांपुढे दोन कॅमेरे ठेवले, एक सुमारे 170 डॉलरचा आणि दुसरा 240 चा. निवड निम्मी-निम्मी झाली. मग दुसऱ्या गटापुढे त्याच दोघांसोबत 470 डॉलरचा तिसरा ठेवला. स्वस्त कॅमेरा घेणारे 50 टक्क्यांवरून 22 वर आले आणि मधला घेणारे 57 टक्क्यांवर गेले.

मधल्या कॅमेऱ्यात एक स्क्रूही बदलला नव्हता. बदलला होता फक्त त्याचा शेजारी.

आपल्याकडे तर याला आणखी एक धार आहे. कॅमेरा माणूस एकटा विकत घेतो, थाळी चारशे पाहुण्यांसमोर वाढतो. "साधी" या नावातच भीती भरलेली आहे. भाऊजींचं पहिलं वाक्य तेच होतं, "साधी ठेवली तर पाव्हणे काय म्हणतीन?" वरची ओळ परवडत नाही आणि खालच्या ओळीची लाज वाटते. मग माणूस मध्ये जाऊन बसतो आणि तिथं बसल्यावर त्याला वाटतं, आपण शहाणपणानं निवडलं.

आता हिशोब पाहा. एका जुन्या आचाऱ्याला शेजारी बसवून मी तो मांडून घेतला. साधीत पोळी, वांग्याची भाजी, वरण-भात, कढी, भजी आणि जिलेबी. सामान, गॅस, वाढपी धरून त्याच्या अंदाजानं 140 रुपये खर्च. केटररला सुटतात 40.

स्पेशलमध्ये जास्तीचं काय? पनीरची भाजी, पुरी आणि दोन गुलाबजाम. आचाऱ्यानं बोटांवर मोजलं: पनीरचे 18, पुरीचे 4, गुलाबजामचे 10. एकूण 32. आणि दर वाढला 80 नं.

खर्च 172, दर 260. म्हणजे थाळीमागे 88 सुटले, साधीच्या दुपटीहून जास्त. चारशे पानांवर साधीत 16,000 आणि स्पेशलमध्ये 35,200. फरक आला 19,200 रुपयांचा. तो फरक कमावून दिला त्या न विकल्या जाणाऱ्या ओळीनं, आणि तिच्यासाठी केटररला एक कढईही घासावी लागली नाही.

शाही खरंच विकली गेली तर उलट त्याची धावपळ होते. चाटचा काउंटर, डोसेवाला, आइस्क्रीमची गाडी, माणसं, सगळं बाहेरून बोलवावं लागतं. म्हणून ती विकली गेली नाही तर त्याला वाईट वाटत नाही.

याला फसवणूक म्हणायचं का? मी म्हणत नाही. दर छापलेला आहे, कोणी जबरदस्ती केलेली नाही आणि मागितली तर थाळी मिळेलही. पण मांडणी हाही एक धंदाच आहे. तो ओळखणं गिऱ्हाइकाचं काम आहे.

ओळखायचं कसं?

आपल्या गावाच्या नावातच रेल्वे आहे, तिथूनच उदाहरण घ्या. तिकिटाच्या दरातही स्लीपर, थर्ड एसी, सेकंड एसी अशा पायऱ्या आहेत. पण सेकंड एसीचा डबा गाडीला खरोखर जोडलेला असतो. भुसावळ-नागपूर मार्गावर उभं राहा, लोक त्यात चढताना-उतरताना दिसतात. तिथं महाग पायरी ही खरी पायरी आहे. रेट कार्डवर मात्र वरचा डबा जोडलेला आहे की नुसता रंगवलेला, हे विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून पहिला प्रश्न तोच: ही शेवटची कधी गेली, कुणाकडे गेली?

दुसरी खूण दोन ओळींमधल्या अंतराची. साधी ते स्पेशल 80 ची उडी, स्पेशल ते शाही एकदम 290 ची. पायऱ्या इतक्या वाकड्या असतील तर वरची चढण्यासाठी बांधलेली नाही, मधली सोपी दिसावी म्हणून बांधली आहे.

आणि हे सगळीकडे चालत नाही, तेही लक्षात घ्या. आपल्याच भागातला शेतकरी बीटी कपाशीच्या पाकिटाला फसत नाही, कारण त्याची कमाल किंमत सरकार ठरवतं, ती पाकिटावर छापलेली असते आणि तो दरवर्षी घेतो. तुरीचा भाव त्याला तोंडपाठ असतो. ज्याचा भाव आधी ठाऊक आहे, त्याला शेजारची ओळ हलवू शकत नाही.

लग्नाच्या थाळीचा भाव कोणाला पाठ असतो? घरात मुलीचं लग्न एकदा, फार तर दोनदा. तेवढ्यासाठी कोण भाव लक्षात ठेवतं? म्हणून हा कागद केटररकडे सापडतो, फोटोवाल्याकडे सापडतो, मंगल कार्यालयात सापडतो. किराण्याच्या दुकानात सापडत नाही.

आम्ही काय केलं? भाऊजींना म्हटलं, शाहीच्या ओळीवर अंगठा ठेवा. त्यांनी ठेवला. 180 आणि 260 एवढेच उरले. दोन मिनिटं ते गप्प होते. मग म्हणाले, "ऐंशी रुपये पनीरचे? आपल्या पाव्हण्यांले वांग्याची भाजीच आवडते."

मग आम्ही तिन्ही ओळी सोडून दिल्या आणि एक-एक जिन्नस विचारला. इथं दुकानदार थोडा नाखूश झाला, कारण सुटा भाव विचारला की कागदाचं काम संपतं. पण त्यानं सांगितला. साधी थाळी आणि वर दोन गुलाबजाम, 20 रुपये जास्त. थाळी 200 ला ठरली. गुलाबजामच्या 20 मध्ये त्याचे 10 सुटलेच, त्यामुळे तोही तोट्यात गेला नाही.

चारशे पानांचे 80,000 झाले. स्पेशलचे 1,04,000 झाले असते. वाचले 24,000.

2025-26 च्या हमीभावानं, म्हणजे 8,110 रुपये क्विंटलनं, हा जवळपास तीन क्विंटल लांब धाग्याचा कापूस होतो. आमच्या भाऊजींच्या कोरडवाहू शेतात पाऊस रुसलेल्या साली एका एकरातून तेवढाच निघतो.