बारा परीक्षक आणि एक पेपर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटे झेलायला अख्खं पांढुर्णा न बोलावता जमतं. बीएस्सीच्या एका पोराला मात्र अ‍ॅप तपासायला बारा माणसं जमवताना घाम फुटला. संत्र्याच्या बागेचा हिशेब ठेवणारं अ‍ॅप ते. नवं वैयक्तिक खातं असलं, की गूगल प्लेवर आधी 12 परीक्षक सलग 14 दिवस चाचणीत नोंदलेले लागतात. मगच प्रकाशनाचा अर्ज. सौंसरच्या मामेभावाने नवव्या दिवशी ‘फोन भरला’ म्हणून चाचणीच सोडली. एक गळला, की सलगपणा तुटला! दोन-चार गडी जास्तीचे घ्यायचे असतात, हे तेव्हा सुचलं.

अखेर अर्ज गेला. उत्तर सहसा सात दिवसांत येतं. पेपर सहाव्या दिवशी.

“वाचून राहिला ना रे?” आई विचारायची.

“हो,” म्हणत तो पडद्यावरचं In review वाचायचा.

आदल्या रात्री मेल आला: चाचणी पुरेशी झालेली नाही, आणखी 14 दिवस चालवा. बाराही जणांनी अ‍ॅप घेतलं होतं, वापरलं कुणीच नव्हतं.

बारावे परीक्षक, म्हणजे बाबा, म्हणाले, “ते उघडावं बी लागते काय?”