पंधरा रुपये युनिट, पंप फुकट

श्री. घरमालक यांस,



ऑक्टोबर २०२४ चा आपला हिशेब मिळाला. सबमीटर ८० युनिट, दर १५ रुपये, एकूण १,२०० रुपये. दर ठरवायचा तर महावितरणला वीज नियामक आयोगापुढे जावं लागतं, जनसुनावणीत लोकांचं ऐकून घ्यावं लागतं. आपल्याकडे सगळं जिन्यात उभ्याउभ्या उरकतं. १५ कुठून आले असं विचारलं, तर आपण म्हणालात, "गल्लीत सगळे तेवढेच घेतात." गल्ली हा सक्षम आयोग आहे हे मला ठाऊक नव्हतं.

आधी युनिटांचं बोलू. माझ्याकडे फ्रिज नाही, गिझर गॅसचा आहे. ७५ वॉटचे दोन पंखे रोज दहा तास चालतात, म्हणजे दिवसाला दीड आणि महिन्याला ४५ युनिट. २० वॉटच्या तीन एलईडी ट्यूब रोज पाच तास जळतात, त्यांचे ९. टीव्हीचे ७, इस्त्री आणि मोबाइलचे मिळून ४. बेरीज ६५ होते. मग ८० कसे झाले?

म्हणून एका सकाळी मी घरातला मेन स्विच पाडला आणि सबमीटरसमोर स्टूल टाकून बसलो. मेन पाडल्यावर मीटरवरचा लाल दिवा गप्प बसायला हवा. तो बसलाही. सहा वाजता आपण टाकीचा पंप सुरू केलात आणि दिवा नाचू लागला. मीटरवर ‘एका युनिटला ३,२०० लुकलुक’ असं छापलंय. मी मोजल्या, मिनिटाला ५३ भरल्या, म्हणजे तासाला साधारण एक युनिट. एक अश्वशक्तीचा पंप एवढंच खातो. तो रोज अर्धा तास चालतो, म्हणजे महिन्याला १५ युनिट. पंपाची वायर माझ्या सबमीटरनंतर आणि माझ्या मेन स्विचच्या आधी जोडलेली आहे. इमारतीची टाकी मी भरतोय, आणि आपण मला रोज सांगता की पाणी जपून वापरा!

आता दराकडे वळतो. बिल वाटणारा माणूस आपलं ऑक्टोबरचं बिल माझ्याच कडीला अडकवून गेला, तेव्हा ते वाचण्याचं पुण्य पदरी पडलं. मुख्य मीटरवर २६० युनिट आहेत, त्यांत माझेही आले. वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या शंभर युनिटांना ५.८८ रुपये दर, म्हणजे ५८८ रुपये. पुढच्या १६० युनिटांना ११.४६ दर, म्हणजे १,८३३.६०. स्थिर आकार १२८. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क धरून बिल होतं २,९५७.५४. त्याला २६० ने भागलं की स्थिर आकार आणि शुल्कासकट युनिट पडतं ११.३८ रुपयांना. माझ्या ६५ युनिटांचे ७४० रुपये झाले.

आपण म्हणाल, स्वस्तातली पहिली शंभर युनिटं मालकाची, भाडेकरू वरच्या स्लॅबमध्ये येतो. हे तत्त्व मला मान्य नाही, पण वादापुरतं धरू. मग माझं प्रत्येक युनिट ११.४६ आणि त्यावर १६ टक्के, म्हणजे १३.२९ रुपयांना पडतं, आणि ६५ युनिटांचे ८६४ रुपये होतात. पंधराचा आकडा गाठायला आपल्याला तीनशेच्या पुढच्या स्लॅबमध्ये जावं लागेल. त्यासाठी एसी घ्यावा लागेल, आणि तो आपण घेणार नाही याची मला खात्री आहे.

एक गणित मात्र मी कौतुकाने केलं. मी नसतो तर पंपासकट आपली १९५ युनिटं आपल्याला २,०९३.४५ रुपयांना पडली असती. मी आल्यावर, माझे १,२०० वजा जाता, आपल्या खिशातून १,७५७.५४ गेले. म्हणजे माझ्या ट्यूब आणि पंखे आपल्याला दरमहा ३३६ रुपये कमवून देतात. भाड्याच्या पावतीवर ही रक्कम दिसत नाही. अर्थात पावतीही दिसत नाही.

सोबत ७४० रुपये पाठवत आहे. यापुढे दर महिन्याला दोन्ही मीटरच्या रीडिंगचा फोटो एकाच दिवशी काढू, बिलाची झेरॉक्स मला द्या, आणि एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून येईल त्या दराने पैसे मी त्याच दिवशी देईन. पंपाची वायर तेवढी आपल्या मीटरवर घ्या.

आपला नम्र,
मागच्या खोलीतला भाडेकरू

ता. क. वायरमन रविवारी मोकळा आहे. त्याची मजुरी काम बघून ठरते, गल्ली बघून नाही, तेव्हा आधी विचारून घ्या.