आधी ऊठ, मग हसतो

माणूस पडला की लोक हसतात, असं सगळेच सांगतात. साफ चूक. माणूस पडून उठला की लोक हसतात.

खात्री करायची असेल तर पावसाळ्यात कुठल्याही स्टेशनच्या जिन्यापाशी उभे राहा. कुणाचा तरी पाय सटकतो. छत्री एकीकडे, डबा दुसरीकडे आणि साहेब मधल्या पायरीवर बसलेले. आजूबाजूचे सगळे क्षणभर चिडीचूप. साहेब उठतात, कुणी पाहिलं तर नाही ना अशा बेतानं इकडेतिकडे बघतात, पॅन्ट झटकतात. मग खसखस पिकते.

तो मधला क्षण कशासाठी असतो? चौकशीसाठी. हाडं शाबूत आहेत का, एवढीच चौकशी. उत्तर 'हो' आलं की हसायला परवानगी.

आणि साहेब उठलेच नाहीत तर?

तर हसायला टेकलेली तीच मंडळी 'पाणी आणा, रिक्षा थांबवा' करत धावतात. जिना तोच, पाय तोच, घसरणंही तेच. विनोद तेवढा पसार.

केळ्याच्या सालीचं घ्या. साल खरोखर इतकी निसरडी असते का, हे जपानच्या संशोधकांनी रीतसर मोजलं आणि 2014 साली त्यांना त्याबद्दल 'इग नोबेल' हे गमतीचं पारितोषिकही मिळालं. साल निसरडी असते, हे सिद्ध झालं. पण सिनेमातल्या शेठजीचा पाय त्या सालीवरून गेला की थिएटर डोक्यावर घेतलं जातं, आणि घरच्या आजी मोरीत घसरल्या की घर डोक्यावर घेतलं जातं.

आजींच्या खुब्याला विनोदबुद्धी नसते.

म्हणजे पडण्यात गंमत नसतेच. 'काही लागलं नाही' हा निरोप प्रेक्षकापर्यंत वेळेत पोचण्यात गंमत असते. हा निरोप पोचवण्याचं शास्त्र ज्याला सर्वांत नीट कळलं होतं, तो बस्टर कीटन. 1895 सालचा जन्म आणि शाळेत जायच्या वयात रंगमंचावर आपटला जाण्याचा धंदा.

आपटणारा कोण? सख्खा बाप. अमेरिकेतल्या गावोगावच्या नाट्यगृहांत कीटन कुटुंबाचा खेळ असायचा. पोरगं वात्रटपणा करणार, बाप त्याला उचलून पडद्यावर, नेपथ्यावर, कधी थेट वाद्यवृंदाच्या खड्ड्यात भिरकावणार. पकड नीट बसावी म्हणून पोराच्या कपड्यांना पाठीवर सुटकेसची मूठ शिवलेली.

लहान मुलांच्या छळाविरुद्ध काम करणारी न्यू यॉर्कची संस्था अर्थातच मागे लागली. पोराचं अंग तपासून झालं. हाड मोडल्याची खूण सापडेना. सापडणार कशी? पोरगं पडायला शिकलं होतं आणि तपासणारे फक्त फेकणाऱ्याकडे बघत होते.

पडायला शिकायचं म्हणजे काय? अंग ताठ ठेवायचं नाही, हे पहिलं. गुडघे वाकवून आधी जमिनीच्या जवळ यायचं. हनुवटी छातीकडे, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. मनगट, कोपर, गुडघा, माकडहाड ही टणक टोकं जमिनीला आधी लागू द्यायची नाहीत. मांडी, कुल्ला, खांद्यामागचा भाग अशा मांसल जागांवर वजन वाटत वाटत लोळण घ्यायची. आणि त्याच वेळी मोकळ्या तळहातानं जमिनीवर सणसणीत थाप मारायची. आवाज मोठा, इजा छोटी.

आपण नेमकं उलट करतो. घसरलो की हात ताठ करून मनगटावर उतरतो. आवाज छोटा, प्लास्टर मोठं.

कीटनला रंगमंचावर आणखी एक गोष्ट कळली. पडल्यावर तो स्वतः हसला की प्रेक्षक कमी हसायचे. मग त्यानं चेहरा कोरा ठेवायला सुरुवात केली आणि तो दगडी चेहरा आयुष्यभर पुरवला. कारण सरळ आहे. पडलेला माणूस रडला तर आपल्याला दया येते. हसला तर सगळं ठरवून केलेलं वाटतं. कोऱ्या चेहऱ्यानं उठून पुढच्या कामाला लागला तर? तर काही झालंच नाही. आता खुशाल हसा.

रडला तर पंचनामा, हसला तर नाटक.

आता सिनेमात आल्यावरचा त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग बघू. 1928 सालचा 'स्टीमबोट बिल, ज्युनियर'. वादळ सुटलंय. कीटन एका दुमजली घराकडे पाठ करून भांबावलेला उभा आहे. मागे त्या घराची अख्खी दर्शनी भिंत सुटते आणि सरळ त्याच्यावर पडते. भिंतीच्या वरच्या भागात एक उघडी खिडकी आहे. ती खिडकी बरोब्बर कीटनच्या अंगावरून जाते. चोहीकडे भिंत आडवी, मधल्या चौकटीत हा उभा.

कॅमेऱ्याची करामत नव्हती. भिंत खरी होती, वजन टनांत मोजायचं. हलकी का नाही केली? कारण वादळासाठी विमानाची इंजिनं लावून वारा सोडला होता आणि हलकी भिंत त्या वाऱ्यात पिळवटली असती. पिळवटली म्हणजे खिडकी सरकली. खिडकी सरकली म्हणजे कीटन संपला. थोडक्यात, भिंत जितकी जीवघेणी तितकी भरवशाची. खालची कड बिजागऱ्यांनी धरलेली, त्यामुळे वरची खिडकी कुठे येणार हे मोजून काढता येत होतं. ती जागा जमिनीवर आखून त्यानं पाय तिथे रोवले. दोन्ही खांद्यांशी आणि डोक्याशी मोकळी जागा जेमतेम दोनेक इंच.

हे धाडसही एका रात्रीत सुचलेलं नव्हे. 1919 मध्ये 'बॅकस्टेज'मध्ये नाटकाच्या नेपथ्याचा हलका पडदा असाच पाडून झाला होता. 1920 मध्ये 'वन वीक'मध्ये घराची भिंत पाडून झाली. मग आठ वर्षांनी ही खरीखुरी. आपल्याकडे 'स्टंट' म्हणजे आधी उडी मारायची आणि मग फूटपट्टी शोधायची.

भिंत दाखवली कशी, तेही बघा. लांबून, एका सलग दृश्यात, माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसेल अशी. मध्ये कापलं असतं तर फसवल्याचा संशय आला असता. चेहऱ्याजवळ कॅमेरा नेला असता तर भीती दिसली असती. लांबून दिसतो तो माणूस, त्याच्याभोवतीची चौकट आणि काही न होणं.

इथवर वाचून वाटेल, सूत्र मिळालं: कुणाला लागलं नाही की विनोद.

थांबा.

1924 सालच्या 'शेरलॉक ज्युनियर'मध्ये कीटन मालगाडीच्या टपावरून पळत येतो आणि रुळांशेजारच्या पाण्याच्या टाकीच्या नळाला लटकतो. नळ खाली येतो, पाण्याचा लोंढा सुटतो आणि तो रुळांवर आदळतो. उठतो, पळतो. लोक शंभर वर्षं हसताहेत. त्या दृश्यात त्याची मान मोडली होती. त्याला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं. डोकं ठणकत राहिलं, त्यानं काम चालू ठेवलं आणि मोडून सांधलेलं ते हाड डॉक्टरांना दिसलं पुढे काही वर्षांनी, एक्स-रेत.

म्हणजे खरोखर लागलं तरी आपण हसलो. का? कारण तो उठून पळाला. आपल्या मते विषय संपला. प्रेक्षकाला एक्स-रे कधीच दिसत नसतो.

तेव्हा सूत्र थोडं दुरुस्त करू. कुणाला लागलेलं नसावं, हे आपल्या सज्जनपणाचं कलम. लागलं असं वाटू नये, हे विनोदाचं कलम. पहिलं पाळलं नाही तर पाप. दुसरं पाळलं नाही तर फ्लॉप.

धंद्यातल्या लोकांना हा फरक चांगलाच माहीत होता. हॅरल्ड लॉइड 1919 मध्ये फोटो काढून घेत होता. हातातला खोटा म्हणून दिलेला बॉम्ब खरा निघाला आणि उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली. चार वर्षांनी 'सेफ्टी लास्ट!'मध्ये हाच माणूस उंच इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळला, तो हातमोजा चढवून. आत दोन बोटं कमी, हे पडद्यावर दिसू दिलं नाही. दिसलं असतं तर लोकांनी बोटं मोजली असती, हसायचं कुणी?

जॅकी चॅनची हुशारी वेगळी. तो आपले खरे अपघात दाखवतो, पण श्रेयनामावलीच्या शेजारी, सिनेमा संपल्यावर. 1986 च्या 'आर्मर ऑफ गॉड'च्या वेळी झाडावरून तो खाली पडला आणि कवटीला तडा गेला. तेच पडणं कथेच्या मध्यावर दाखवलं असतं तर उरलेला सिनेमा लोकांनी हॉस्पिटलात असल्यासारखा पाहिला असता. आधी हसा, बिल नंतर.

आता या बाजूला या. आपल्या मोबाइलवर.

वरातीत काका नागीण डान्स करताहेत, एकदम आडवे. लग्नाचं स्टेज खचतं, नवरा-नवरी करवल्यांसह खाली. गच्चीवरून पोरगं उडी मारतं. खाली 'ढँण्' आवाज लावलेला, वर हसून रडणारे चेहरे. आणि व्हिडिओ कुठे कापलेला असतो? पडल्या क्षणी. काका उठले का? नवरीचा हात मोडला का? पोराचं काय झालं? पुढचा व्हिडिओ सुरू.

स्टेशनवरचा तो चौकशीचा क्षणच कात्रीत गेला. 'काही लागलं नाही' हे सांगायचं काम पडणाऱ्यानं करायचं असतं, आता ते 'ढँण्' करतं. आवाज विनोदी म्हणजे हाडं शाबूत! असं निदान करणारा डॉक्टर कुणाला चालेल का?

कीटन काही सेकंद पडण्यावर खर्च करायचा आणि मग उठणं, टोपी सावरणं, पळणं इमानानं दाखवायचा. विनोदाचा पुरावा तिथेच असतो. तो पुरावा ज्यानं कापून टाकलाय, त्याला विचारा: पुढचे दोन सेकंद कुठे आहेत?

उत्तर मिळणार नाही. ते दोन सेकंद हसण्यासारखे असते तर त्यानं कापले असते का?